रिपोर्टवरचं 'पॉझिटिव्ह'

नोकरीत होते तेव्हा गावातली माणसं माझ्याकडे कागद वाचून घ्यायला यायची. कोर्टाची नोटीस, बँकेचं पत्र, पुण्याला गेलेल्या मुलाचं पाकीट. बाईंना वाचता येतं म्हणजे बाईंना कळतं, असा त्यांचा सरळ हिशेब. आता सत्तरी ओलांडली, निवृत्तीलाही बरीच वर्षं झाली, तरी कागद यायचे थांबले नाहीत. फक्त नोटिशींच्या जागी आता रक्ताचे रिपोर्ट असतात. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, बी.ए.पर्यंतचं. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, हे मी येणाऱ्याला आधीच सांगते. पण छापलेलं काय आहे ते शब्दकोश लावून वाचता येतं, आणि पुढे कुणाला काय विचारायचं तेही सांगता येतं.

गेल्या दोन वर्षांत माझ्यापुढे असे दोन रिपोर्ट आले की त्यांनी मला बराच विचार करायला लावला. दोन्ही बायकांचे, दोन्ही आमच्याच हिंगोली जिल्ह्यातले, दोन्ही 'वाताच्या तपासण्यां'चे. एकीच्या कागदावर पॉझिटिव्ह होतं, दुसरीच्या निगेटिव्ह. पॉझिटिव्हवालीला तो आजार नव्हता. निगेटिव्हवालीला होता. हे कसं काय, ते समजून घ्यायला मी नांदेडच्या डॉक्टरांना पुष्कळ प्रश्न विचारले. माझी एक जुनी विद्यार्थिनी लॅबमध्ये काम करते, तिच्याकडे जाऊन तपासणी कशी होते तेही पाहिलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

पहिली शेजारची सून. वय सव्वीस, लग्नाला तीन वर्षं झालेली. सारखा थकवा, केस गळणं, अंग दुखणं. कुणीतरी सांगितलं की एकदा सगळं रक्त तपासून घ्या, स्वस्तात पॅकेज आहे. त्या पॅकेजात 'आर्थ्रायटिस प्रोफाइल' नावाचा एक भाग होता. रिपोर्टवर दोन ओळी जाड अक्षरांत आल्या. एएनए पॉझिटिव्ह, १:८०, स्पेकल्ड. आणि आर.ए. फॅक्टर २६, मर्यादा २० पर्यंत.

घरातल्या कुणीतरी मोबाइलवर शोधलं. तिथे 'ल्यूपस' हा शब्द निघाला. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, किडनीवर जाते, जन्मभर औषधं लागतात, बाळंतपण अवघड होतं, असं सगळं. मग काय विचारता! सासूबाई माझ्याकडे आल्या त्या रडवेल्या होऊनच. "बाई, पॉझिटिव्ह म्हंजे आहेच की हो! आता लेकराचं कसं करायचं? तिच्या माहेरच्यांनी लपवून ठेवलं होतं का आमच्यापासून?" पोरगी दाराशी उभी होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

आता ही एएनए तपासणी म्हणजे काय ते आधी बघू. आपल्या रक्तात प्रतिपिंडं असतात, म्हणजे अँटिबॉडीज. त्यांचं काम बाहेरून आलेल्या जंतूंना चिकटणं. पण काही प्रतिपिंडं आपल्याच पेशींच्या केंद्रकातल्या पदार्थांना चिकटतात. त्यांना म्हणायचं अँटिन्यूक्लिअर अँटिबॉडीज, एएनए. ती आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी लॅबमध्ये काचेच्या पट्टीवर माणसाच्या पेशींचा एक पातळ थर तयारच मिळतो. या पेशी 'हेप-टू' नावाच्या, खास वाढवलेल्या. त्यांची केंद्रकं मोठी असतात म्हणून बघायला सोपी. त्यावर रुग्णाच्या रक्ताचं सीरम पातळ करून टाकतात. थोडा वेळ थांबून धुतात. मग एक असा द्रव टाकतात की जो माणसाच्या प्रतिपिंडांना चिकटतो आणि ज्यात चमकणारा रंग असतो. पुन्हा धुतात. अंधाऱ्या खोलीत खास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की, सीरममधली प्रतिपिंडं जिथे चिकटली असतील तिथे हिरवा उजेड दिसतो.

१:८० म्हणजे सीरम ऐंशी पट पातळ केल्यावरही उजेड दिसला. ताकात पाणी घालत जावं आणि कुठवर आंबटपणा कळतो ते बघावं, तसंच हे. १:४०, मग १:८०, १:१६०, १:३२०, असं दरवेळी दुप्पट पातळ करत जायचं. जितका आकडा मोठा तितकी प्रतिपिंडं जास्त. म्हणजे १:८० ही तशी खालचीच पायरी. शिवाय उजेड आहे की नाही हे बहुतेक ठिकाणी माणूस डोळ्यांनी ठरवतो. त्यामुळे एका लॅबमध्ये १:८० आलेलं दुसरीकडे १:१६० किंवा नुसतं निगेटिव्हही येऊ शकतं, आणि त्यात कुणाची लबाडी नसते.

आणि स्पेकल्ड? तो उजेडाचा नमुना. माझ्या विद्यार्थिनीने मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं तेव्हा मला दारातल्या रांगोळ्याच आठवल्या. एका पट्टीवर प्रत्येक केंद्रक रंग भरल्यासारखं एकसारखं हिरवं. याला होमोजीनियस म्हणतात. दुसऱ्या पट्टीवर केंद्रकात बारीक बारीक ठिपके, ते स्पेकल्ड. तिसऱ्यात केंद्रकाच्या आतले दोन-चार गोळेच चमकत होते, तो न्यूक्लिओलर. आणि एकात मोजून घ्यावेत असे सुटे ठिपके, तो सेंट्रोमिअर. २०१५ साली जगभरच्या तज्ज्ञांनी या नमुन्यांना ठरावीक नावं आणि क्रमांक दिले, म्हणून काही रिपोर्टांवर एसी-१, एसी-४ असंही छापलेलं असतं.

नमुन्याचा उपयोग एवढाच, की प्रतिपिंडं केंद्रकातल्या कोणत्या पदार्थाला चिकटली असावीत याचा अंदाज येतो. एकसारखा हिरवा असेल तर डीएनए आणि त्याभोवतीची प्रथिनं. तो नमुना जोरात असेल आणि लक्षणंही तशी असतील तर डॉक्टर ल्यूपसकडे बघतात. सेंट्रोमिअर असेल आणि थंडीत बोटं पांढरी-निळी पडत असतील, बोटांची कातडी ताठ होत असेल, तर त्वचा कडक होण्याच्या एका आजाराकडे, स्क्लेरोडर्माकडे बोट जातं. बारीक ठिपक्यांचा नमुना मात्र सगळ्यांत जास्त वेळा दिसणारा आणि सगळ्यांत कमी बोलणारा. तो ल्यूपसमध्ये दिसतो, तोंड-डोळे कोरडे पडण्याच्या आजारात दिसतो, थायरॉइडच्या आजारात दिसतो, आणि धडधाकट माणसातही दिसतो. दाट बारीक ठिपक्यांचा एक उपप्रकार तर असा आहे, की तो एकटाच असेल तर डॉक्टर उलट निश्चिंत होतात. नमुना म्हणजे आजाराचं नाव नव्हे.

धडधाकट माणसात किती वेळा दिसतो, याचा हिशेब १९९७ साली प्रसिद्ध झाला. अनेक देशांतल्या लॅबनी मिळून निरोगी माणसांचं रक्त तपासलं. १:४० ला शंभरातली जवळजवळ बत्तीस निरोगी माणसं पॉझिटिव्ह निघाली. १:८० ला तेरा. १:१६० ला पाच. १:३२० ला तीन. हे आकडे आपल्याकडचे नाहीत, तेव्हा आपल्याकडे थोडे इकडे-तिकडे असतील. पण अंदाज घ्यायला पुरेसे आहेत.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात ल्यूपसची पाहणी झाली होती, ती १९९३ साली छापली गेली. लाखात तीनच्या आसपास रुग्ण सापडले. समजा ही मोजदाद कमी झाली असेल, खरे रुग्ण दसपट असतील. लाखात तीस धरू. आता एक लाख माणसांची सरसकट एएनए तपासणी केली तर १:८० ला तेरा हजार निरोगी माणसं पॉझिटिव्ह येतील. ल्यूपसचे तीसही त्यातच. मग त्या तेरा हजारांच्या रांगेत उभ्या असलेल्या आमच्या शेजारच्या सुनेला ल्यूपस असण्याची शक्यता किती? चारशेत एकाहूनही कमी. हे गणित मी सासूबाईंना वहीवर मांडून दाखवलं. त्यांना ते कितपत पटलं कोण जाणे, पण रडणं थांबलं.

खरं काम नांदेडच्या डॉक्टरांनी केलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पोरीला विचारायला सुरुवात केली. उन्हात गेल्यावर गालावर चट्टे येतात का? तोंडात न दुखणारे फोड येतात का? सांधे सुजतात का? नुसते दुखतात असं नाही, सुजतात का? थंड पाण्यात हात घातल्यावर बोटं पांढरी पडतात का? श्वास घेताना छातीत चमक येते का? लघवीला फेस येतो का? पायावर सूज? पूर्वी गर्भ पडला होता का? सगळ्याला नाही. मग त्यांनी तिच्या दोन्ही हातांच्या बोटांची मुळं आडवी दाबून पाहिली, जशी आपण मूठ आवळतो तशी. तीही दुखली नाहीत.

त्यानंतर त्यांनी साध्याच तपासण्या सांगितल्या. लघवी, रक्तातल्या पेशींची मोजणी, किडनीची क्रिएटिनिन, थायरॉइड. लघवी स्वच्छ. किडनी ठीक. पेशी ठीक, पण हिमोग्लोबिन ८.९ आणि तेही लोह कमी असल्यामुळे. थायरॉइडची टीएसएच १२. थकवा, केस गळणं, अंगदुखी, सगळ्याचं उत्तर इथेच होतं. आणि प्रतिकारशक्तीमुळे थायरॉइड मंदावतो तेव्हा एएनए थोडी पॉझिटिव्ह येणं हे नेहमीचंच.

सासूबाईंनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, मग ही तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा करायची का?" डॉक्टर म्हणाले, "नको. एकदा पॉझिटिव्ह आली की आकडा वर-खाली झाल्यानं काही कळत नाही. मी आत्ता जे प्रश्न विचारले ना आजी, त्यातलं काही झालं तर लगेच या. ती खरी तपासणी."

इथे एक प्रामाणिक शंका मला आली, आणि ती मी त्यांना विचारलीही. आज काही नाही, पण उद्या? कारण मी वाचलं होतं की २००३ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. पुढे ल्यूपस झालेल्या १३० सैनिकांचं जुनं साठवलेलं रक्त काढून तपासलं, तर बहुतेकांत आजार ओळखला जाण्याच्या आधी, काहींत तर कित्येक वर्षं आधी, अशी प्रतिपिंडं होती. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे बाई. पण तो अभ्यास रुग्णांपासून सुरू करून मागे गेला. आपण पॉझिटिव्ह माणसांपासून सुरू करून पुढे बघतोय." मला ते लगेच उमगलं. वर्गात पहिल्या आलेल्या प्रत्येक मुलाकडे पाटी होती, हे खरं. म्हणून पाटी असलेला प्रत्येक मुलगा पहिला येईल असं होत नाही. ज्यांना ल्यूपस झाला त्यांच्यात प्रतिपिंडं आधीपासून होती. पण प्रतिपिंडं असलेल्यांपैकी बहुतेकांना ल्यूपस कधीच होत नाही.

या तपासणीची उलटी बाजू मात्र खरोखर कामाची आहे. ल्यूपस असलेल्या शंभरांपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांत एएनए पॉझिटिव्ह असतेच. २०१९ साली ल्यूपसचे नवे आंतरराष्ट्रीय निकष आले, त्यात १:८० किंवा त्याहून जास्त एएनए ही पहिली पायरीच ठेवली आहे. ती नसेल तर निकषांच्या पुढच्या पायऱ्या मोजायच्याच नाहीत. म्हणून या पद्धतीने केलेली एएनए निगेटिव्ह आली तर ल्यूपसची शंका बरीचशी मिटते. पॉझिटिव्ह आली तर जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. काही लॅब मात्र हीच तपासणी पट्टीवर न करता यंत्रातून करतात आणि नुसता आकडा देतात. तेव्हा रिपोर्टवर पद्धत कोणती लिहिली आहे ते बघावं. नमुना आणि १:८० सारखा आकडा दिला असेल तर ती सूक्ष्मदर्शकाची.

आता दुसरी बाई. वसमतकडची, वय अठ्ठेचाळीस. आमच्या भागात हळद फार. काढणीच्या, उकडण्याच्या दिवसांत बायका महिना-महिना त्याच कामावर असतात. ही त्यातलीच. दोन वर्षांपासून हात दुखतात म्हणायची. सगळे म्हणायचे, हळदीत हात घालून घालून दुखणारच. एका ठिकाणी तिची आर.ए. टेस्ट केली. ती निगेटिव्ह आली. "वात नाही, कामाचं दुखणं आहे," असं सांगून दुखणं कमी करायच्या गोळ्या दिल्या. त्या ती दोन वर्षं खात होती.

माझ्याकडे ती रिपोर्ट घेऊन आली ते त्यासाठी नव्हेच. तिला कुठल्याशा योजनेचा फॉर्म भरून हवा होता, रिपोर्ट त्याच पिशवीत होता. सही करताना तिला पेन धरता येईना. मी सहज विचारलं, तर म्हणाली, "बाई, सकाळी भाकरी थापताच येत नाही. हात उघडतच नाहीत. दहा वाजले की जरा सुटतात. बांगड्या तर कवाच्या काढल्या, चढतच नाहीत." तिची मनगटं सुजलेली होती, दोन्ही. बोटांची मुळंही दोन्ही हातांची फुगलेली. नखांजवळची पेरं मात्र चांगली होती. कामानं किंवा वयानं झीज होते ती बहुतेक नखांजवळच्या पेरांत आणि अंगठ्याच्या मुळाशी गाठींसारखी दिसते. माझी स्वतःची बोटं तशीच आहेत. सकाळी माझेही हात आखडतात, पण दहा-पंधरा मिनिटांत मोकळे होतात. तासाहून जास्त आखडणं आणि दोन्ही हातांना सारखी सूज, ही गोष्ट वेगळी.

हा आर.ए. फॅक्टर म्हणजे काय, ते समजलं की तिच्या रिपोर्टचा अर्थ लागतो. १९४० साली नॉर्वेमध्ये एरिक वालर यांच्या लक्षात आलं, की संधिवाताच्या एका रुग्णाचं सीरम मेंढीच्या रक्तपेशींच्या गुठळ्या करतं. १९४८ मध्ये अमेरिकेत हॅरी रोझ आणि सहकाऱ्यांनी तेच पुन्हा पाहिलं. दोघांच्या नावानं ती तपासणी ओळखली जाऊ लागली. पुढे कळलं की हे प्रतिपिंडावर चालून जाणारं प्रतिपिंड आहे. म्हणजे आपल्याच शरीरातल्या नेहमीच्या प्रतिपिंडांच्या शेपटाला चिकटणारं. संधिवाताच्या रुग्णांत सापडलं म्हणून त्याचं नाव ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर पडलं. त्या नावानंच सगळा घोटाळा केला.

कारण शरीर ते फक्त संधिवातातच बनवत नाही. जंतूशी लढाई दीर्घकाळ चालली की शरीर ते बनवतं. क्षयरोगात, कुष्ठरोगात, सी प्रकारच्या काविळीत, हृदयाच्या झडपांना संसर्ग झाला तर. वय वाढलं तरी थोडं वाढतं. आणि उलट, खऱ्या संधिवाताच्या शंभर रुग्णांपैकी तीसएक जणांत ते सापडतच नाही. म्हणजे एएनए निगेटिव्ह आली तर ल्यूपसबद्दल निश्चिंत होता येतं, तसं आर.ए. निगेटिव्ह आल्यावर संधिवाताबद्दल होता येत नाही. कागदावर शब्द तोच, निगेटिव्ह. वजन अगदी वेगळं.

याचा नीट हिशेब करायला आपल्या महाराष्ट्रातलंच एक काम उपयोगी पडतं. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला, उजनीच्या पाण्याकाठच्या त्या गावात, घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. चार हजारांहून जास्त प्रौढ माणसं पाहिली. त्यांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी कार्यकर्ते घरी जाऊन विचारायचे, दुखतं का, कुठे दुखतं. ज्यांना दुखतं त्यांना डॉक्टर तपासायचे. लॅबचा नंबर सगळ्यांत शेवटी. शंभरात अठराएक जणांना काही ना काही दुखणं निघालं. खरा संधिवात मात्र शंभरात अर्धा, म्हणजे हजारात पाच.

आता कल्पना करा, एखाद्या गावातल्या हजार प्रौढांची सरसकट आर.ए. टेस्ट केली. खरे रुग्ण पाच. त्यांतले साडेतीन, म्हणजे तीन-चार पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९९५ निरोगी माणसांत शंभरात पाच जरी धरले तरी पन्नास पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह त्रेपन्न-चोपन्न, त्यात खरे तीन-चार. म्हणजे पंधरात एक. बाकीचे चौदा घरी जाऊन उगाच काळजी करणार, शेजारच्या सुनेसारखे.

आता तीच टेस्ट, पण वेगळी रांग. बोटांचे सांधे कित्येक आठवडे सुजलेली शंभर माणसं वातविकाराच्या डॉक्टरांकडे आली आहेत. त्यांतल्या पन्नास जणांना खरा संधिवात आहे असं धरू. त्या पन्नासांतले पस्तीस पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या पन्नास आजारी माणसांत चुकून येण्याचं प्रमाण जास्त धरलं, शंभरात पंधरा, तरी सात-आठ. म्हणजे बेचाळीस पॉझिटिव्हमध्ये पस्तीस खरे. सहात पाच. लॅब तीच, सुई तीच, तपासणी तीच. पहिल्या रांगेत पंधरात एक, दुसऱ्या रांगेत सहात पाच. रांगेत कुणाला उभं केलं यावर सगळं ठरलं.

आणि या दुसऱ्या रांगेत जे निगेटिव्ह आले, त्यांच्यातही पंधरा खरे रुग्ण आहेतच. वसमतची बाई त्या पंधरांतली.

तिलाही नांदेडला पाठवलं. डॉक्टरांनी २०१० सालच्या आंतरराष्ट्रीय निकषांनी तिचे गुण कसे मोजले ते मला समजावून सांगितलं. हे निकष मुळात संशोधनासाठी केलेले, पण विचार कसा करायचा ते त्यातून कळतं. दहापैकी सहा गुण मिळाले तर संधिवात धरायचा. पण त्याआधी दोन अटी. एका तरी सांध्याला नक्की सूज हवी, आणि तिचं दुसरं एखादं पटणारं कारण नसावं. त्यांनी तिच्या कातडीवर सोरायसिसचे चट्टे नाहीत ना ते पाहिलं, चिकनगुनिया होऊन गेला का विचारलं, काविळीची तपासणी केली. मग गुण मोजले. लहान सांध्यांसह दहापेक्षा जास्त सांधे, पाच गुण. सहा आठवड्यांहून जास्त काळ, एक गुण. ईएसआर वाढलेला, ५८ आला, आणखी एक. आर.ए. आणि त्याच्या जोडीची अँटी-सीसीपी ही दोन्ही निगेटिव्ह, शून्य गुण. बेरीज सात. म्हणजे रक्तातल्या दोन्ही तपासण्यांनी नकार दिला तरी बाई पास झाली! हसावं की रडावं अशी ती पास. एक्स-रेत मनगटाच्या हाडांना बारीक खळगे पडलेले दिसले. ते आता भरून येत नाहीत. दोन वर्षांपूर्वी कुणी तिचा हात हातात घेऊन पाहिला असता तर ते बहुधा पडलेच नसते.

तिला मेथोट्रेक्झेट सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. तिला वाचता येत नाही, म्हणून तिच्या घरच्या कॅलेंडरवर मी दर रविवारी लाल गोल करून दिला आहे. दुसऱ्या एका ठरलेल्या दिवशी फॉलिक अॅसिड, त्याला हिरवा गोल. मधूनमधून लिव्हर आणि पेशींची तपासणी करावी लागते, ती करतो. सहा महिन्यांत सकाळचं आखडणं वीस मिनिटांवर आलं. भाकरी थापते. हळदीच्या कामाला जाणं तेवढं कमी केलंय.

शेजारची सून लोहाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या घेते आहे. हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं आणि टीएसएच जागेवर आली की दिवस राहायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. सासूबाई आता तिला खजूर आणि लाडू खायला घालतात, हिंगोलीच्या बाजारातून गूळ आणतात. माहेरच्यांचा विषय मात्र त्या परत काढत नाहीत, आणि मीही काढून देत नाही.

आता कुणी असला रिपोर्ट घेऊन आलं तर मी कागद उलटा करून ठेवते आणि आधी विचारते: ही तपासणी करायला सांगितली कुणी, आणि तुझं काय दुखत होतं म्हणून? बहुतेक वेळा उत्तर येतं, "काही नाही बाई, पॅकेजात होती." मग मी म्हणते, तर मग तुझ्या बोटांची मुळं दाबून बघू दे, आणि सकाळी हात किती वाजता मोकळे होतात ते सांग. सूज असेल किंवा तासभर आखडत असतील, तर मी नांदेडच्या डॉक्टरांचा पत्ता देते, मग कागदावर काहीही छापलेलं असो.